उतरलेले अक्षर, चढलेले व्याज

एखाद्या कंपनीच्या रोख्यांचे पतमानांकन, म्हणजे ती कर्ज फेडेल का याविषयी मानांकन संस्थेने अक्षरांत दिलेली श्रेणी, उतरले की आपल्याकडे एक ठरलेले भांडण सुरू होते. कंपनीचे प्रवर्तक आणि त्यांचे समर्थक म्हणतात, मानांकन संस्थेने आम्हाला बुडवले. काल आम्हाला साडेआठ टक्क्यांनी कर्ज मिळत होते, आज कोणी अकरानेही देत नाही. कारखाना तोच, माणसे तीच, फक्त एका संस्थेने एक अक्षर बदलले. दुसरी बाजू तितक्याच आत्मविश्वासाने उत्तर देते की मानांकन म्हणजे तापमापी आहे, ताप आला म्हणून तापमापी फोडता का? एवढे झाले की टाळ्या पडतात आणि चर्चा संपते. मी एका बँकेच्या ट्रेझरीत वीस वर्षे रोखे घेतले आणि विकले. या दोन्ही उत्तरांनी माझी सारखीच चिडचिड होते, कारण दोन्हींत अर्धे सत्य आहे आणि ते नेमके चुकीच्या जागी वापरले जाते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मानांकन उतरल्यावर कर्ज महागते ते दोन वेगवेगळ्या वाटांनी. पहिली वाट माहितीची: कंपनी बुडण्याची शक्यता वाढली आहे, म्हणून सावकार जास्त व्याज मागतो. दुसरी वाट नियमांची: बँका, म्युच्युअल फंड, भविष्य निर्वाह निधी, ठेवी घेणाऱ्या कंपन्या या सगळ्यांच्या नियमावलीत ते अक्षर लिहिलेले असते आणि ते बदलले की काही दारे आपोआप बंद होतात. पहिल्या वाटेवर मानांकन संस्था बहुतेक वेळा उशिरा पोहोचते, तोवर व्याज चढून गेलेले असते. दुसऱ्या वाटेवर मात्र तिच्या अक्षराला खरोखर ताकद असते, आणि ती तिला संस्थेच्या हुशारीने नव्हे तर आपण लिहिलेल्या नियमांनी मिळालेली असते. हा फरक न करता घातलेला वाद म्हणजे पाणी का गढूळ झाले ते न बघता घागरीला दोष देणे.

पण त्याआधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘मानांकन उतरले, व्याज वाढले’ हे वाक्य ऐकून अनेकांना वाटते की कंपनी आधीच्या रोख्यांवरही उद्यापासून जास्त व्याज देऊ लागते. तसे नसते. व्याज वाढवण्याचे कलम करारातच घातलेले नसेल, तर जुन्या रोख्यावर ठरलेले व्याज तेच राहते. बदलते ती त्या रोख्याची बाजारातली किंमत. शंभर रुपयांचा, वर्षाला आठ रुपये देणारा, तीन वर्षे मुदत उरलेला रोखा घ्या. आता अशा कंपनीला कर्ज द्यायला बाजार दहा टक्के मागू लागला, तर हा आठ टक्क्यांचा रोखा कोणी शंभरला घेणार नाही. हिशेब केला तर त्याची किंमत सुमारे पंचाण्णव रुपये येते. पाच रुपयांचा तोटा ज्याच्या हातात रोखा आहे त्याचा झाला, कंपनीचा नव्हे. कंपनीला चटका बसतो तो पुढचे कर्ज काढताना, आणि म्हणूनच मानांकन उतरण्याचा घाव किती खोल जाईल हे अक्षरापेक्षा एका साध्या प्रश्नावर ठरते: कंपनीला पुन्हा बाजारात कधी जायचे आहे? पुढची सात वर्षे ज्याला कर्ज काढायचेच नाही त्याला अक्षर उतरले काय नि चढले काय. ज्याला दर नव्वद दिवसांनी जुने कर्ज फेडायला नवे काढावे लागते, त्याच्यासाठी तेच अक्षर गळफास ठरते.

आता पहिली वाट. बुडण्याची शक्यता वाढली तर व्याज किती वाढायला हवे? समजा सरकारी रोखे सात टक्के देतात. तुमच्याकडे दहा हजार रुपये आहेत आणि तुम्ही ते शंभर सारख्या कंपन्यांना शंभर-शंभर रुपये असे वाटले. सरकारी रोखे घेतले असते तर वर्षाअखेर १०,७०० हातात आले असते. शंभरातली एक कंपनी बुडाली आणि तिच्याकडून चाळीसच रुपये परत आले, तर उरलेल्या नव्व्याण्णवांनी मिळून १०,६६० द्यायला हवेत, म्हणजे प्रत्येकीने १०७ रुपये ६८ पैसे. व्याज झाले ७.६८ टक्के. आता एकाऐवजी तीन कंपन्या बुडण्याची भीती आहे असे धरा. तिघींकडून मिळून १२० परत आले, तर उरलेल्या सत्त्याण्णवांनी १०,५८० द्यायचे, प्रत्येकीने १०९ रुपये ७ पैसे. शंभरात एक ऐवजी तीन एवढाच फरक, आणि व्याज जवळजवळ दीड टक्क्याने वर. यात कोणाचे कारस्थान नाही. गावचा सावकारही हेच करायचा, फक्त वही उघडायच्या आधी माणसाच्या दारातली बैलजोडी बघायचा. प्रत्यक्षात गुंतवणूकदार या हिशेबावर आणखी थोडे मागतो, कारण बुडायच्या तर कंपन्या एकेकट्या न बुडता वाईट वर्षी घोळक्याने बुडतात, आणि त्याच वर्षी त्याला स्वतःलाही पैशांची गरज असते.

तापमापीवाल्यांचे म्हणणे इथपर्यंत बिनचूक आहे. पण त्यांनी गृहीत धरलेली गोष्ट अशी, की ताप किती आहे हे मानांकन संस्था सांगते तेव्हा आपल्याला कळते. खरेच तसे होते का? आपल्याच मुंबईतले उदाहरण घेऊ.

दिवाण हाउसिंग फायनान्स, म्हणजे डीएचएफएल, ही घरकर्जे देणारी मुंबईची कंपनी. २१ सप्टेंबर २०१८ या शुक्रवारी बातमी फुटली की डीएसपी म्युच्युअल फंडाने आपल्याकडचे या कंपनीचे सुमारे ३०० कोटी रुपयांचे कमर्शियल पेपर, म्हणजे अल्प मुदतीच्या उधारीचे कागद, ११ टक्क्यांच्या दराने विकून टाकले. पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस समूहाने नुकतीच परतफेड चुकवली होती, बाजार धास्तावलेला होता. त्या एका दिवसात डीएचएफएलचा शेअर चाळीस टक्क्यांहून जास्त कोसळला. आता त्या दिवशीचे मानांकन बघा. दीर्घ मुदतीच्या रोख्यांना ट्रिपल ए, अल्प मुदतीच्या कागदांना ए वन प्लस, म्हणजे दोन्हीकडे सर्वांत वरची पायरी. सर्वोत्तम समजल्या जाणाऱ्या कंपनीचा कागद कोणी ११ टक्क्यांना का विकेल? फंडाने नंतर सांगितले की व्याजदर वाढण्याच्या भीतीने तो विकला, कंपनीविषयी शंका म्हणून नव्हे. असेलही. पण ज्याने तो घेतला त्याने ११ टक्के मागितले आणि त्याला ते मिळाले, ही गोष्ट उरतेच. तापमापी सर्वसाधारण तापमान दाखवत होती आणि रुग्णाच्या कपाळावर हात ठेवणाऱ्याचा हात भाजत होता.

मानांकन उतरायला सुरुवात झाली फेब्रुवारी २०१९ मध्ये, म्हणजे साडेचार महिन्यांनी. आधी ट्रिपल एवरून एक पायरी खाली, डबल ए प्लस. मग टप्प्याटप्प्याने घसरण, मे महिन्यात एकदम ट्रिपल बी मायनस, म्हणजे गुंतवणूकयोग्य समजल्या जाणाऱ्या श्रेणीची शेवटची पायरी. ४ जून रोजी सुमारे ९६० कोटींची देणी कंपनीने चुकवली आणि दुसऱ्या दिवशी डी, म्हणजे थकबाकीदार. बैल गेला नि झोपा केला, याहून नेमके वर्णन मला सुचत नाही. ज्यांना रोज बाजारात बसून भाव बघायचे होते त्यांना सप्टेंबरातच जे समजले होते, ते अक्षरांत उमटायला जून उजाडला.

मग इथे प्रवर्तकांची बाजू घेणारा हुशार माणूस विचारील: बाजाराला आधीच सगळे माहीत होते, तर मानांकन उतरल्याने पुढे काहीच व्हायला नको होते. मग का झाले? प्रश्न रास्त आहे आणि तापमापीवाल्यांकडे त्याचे उत्तर नाही. मेमध्ये मुदत ठेवींचे मानांकन खाली आल्यावर डीएचएफएलला नव्या ठेवी घेणे आणि जुन्यांचे नूतनीकरण करणे थांबवावे लागले. ठेवीदारांना त्या दिवशी अचानक काही नवे कळले म्हणून नव्हे. घरकर्ज कंपनीने जनतेकडून ठेवी घ्यायच्या तर मानांकन अमुक एका पायरीच्या वर हवे, असा नियम होता म्हणून. पैसे घेऊन काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाचेही पैसे घेता येईनात. ही झाली दुसरी वाट. हिच्यात कोणाचे मत, कोणाची भीती, कोणाचा अंदाज यांचा संबंध नाही. पायरी ओलांडली, दार बंद.

हीच वाट बँकेत कशी दिसते ते सांगतो, कारण ती माझ्या रोजच्या कामातली होती. रिझर्व्ह बँकेच्या गेली अनेक वर्षे चालत आलेल्या चौकटीत, बँकेने मोठ्या कंपनीला दिलेल्या कर्जाला त्या कंपनीच्या मानांकनाप्रमाणे जोखीम भार लागतो. ट्रिपल एला २० टक्के, डबल एला ३०, सिंगल एला ५०, ट्रिपल बीला १०० आणि डबल बी किंवा त्याखाली १५०. या भाराने गुणून जी रक्कम येते तिच्या साडेअकरा टक्के इतके स्वतःचे भांडवल बँकेने बाजूला ठेवायचे. नऊ टक्के किमान आणि अडीच टक्के वरची गादी. शंभर कोटींचे कर्ज असेल तर ट्रिपल ए कंपनीसाठी भांडवल लागते २.३ कोटी, सिंगल एसाठी पावणेसहा कोटी, ट्रिपल बीसाठी साडेअकरा कोटी, डबल बीसाठी सव्वासतरा. भांडवल ही बँकेची सगळ्यांत महागडी रक्कम. समजा भागधारक तिच्यावर १५ टक्के परतावा मागतात आणि ठेवींवर बँक ६ टक्के देते. म्हणजे ठेवीऐवजी भांडवल अडकले की प्रत्येक शंभर रुपयांमागे नऊ रुपये जास्त. आता सिंगल ए कंपनी ट्रिपल बी झाली तर जास्तीचे पावणेसहा कोटी भांडवल अडकते आणि त्याची किंमत पडते वर्षाला सुमारे ५२ लाख. शंभर कोटींवर ५२ लाख म्हणजे अर्धा टक्का.

हा अर्धा टक्का नीट बघा. यात कंपनी बुडण्याच्या शक्यतेचा विचार आलेलाच नाही. कंपनी काल होती तशीच ठणठणीत आहे असा आमच्या कर्ज विभागाचा ठाम विश्वास असला, तरी हा अर्धा टक्का तिला लावावाच लागतो, नाहीतर बँकेला ते कर्ज परवडत नाही. शिवाय पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. ट्रिपल एवरून डबल एवर येताना याच हिशेबाने जेमतेम दहाव्या हिश्शाचा टक्का वाढतो, सिंगल एवरून ट्रिपल बीवर येताना पाचपट. निसर्गात जोखीम अशी एका रात्रीत दुप्पट होत नाही. ती उतारासारखी वाढते. नियमाने मात्र त्या उतारावर जिना बांधला, आणि जो जिन्याच्या कडेवर उभा होता तो पडला.

हा जिना कोणी बांधला? मानांकन संस्थांनी नव्हे. जॉन मूडी यांनी १९०९ मध्ये अमेरिकी रेल्वे कंपन्यांच्या रोख्यांना अक्षरे द्यायला सुरुवात केली तेव्हा ते एक विकत मिळणारे पुस्तक होते. ज्याला हवे त्याने पैसे देऊन घ्यावे, पटले तर मानावे. चुकीचे ठरले तर पुढच्या वर्षी पुस्तक खपणार नाही, एवढाच धाक. मग महामंदी आली. रोख्यांचे भाव कोसळले आणि बँकांच्या वह्यांत खड्डे पडले. १९३१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय बँकांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने सांगितले की वरच्या चार श्रेणींतले रोखे बँकांनी खरेदी किमतीने दाखवले तरी चालतील, खालच्यांचा तोटा मात्र हिशेबात घ्यावा लागेल. १९३६ मध्ये त्याहून पुढे जाऊन खालच्या श्रेणीतले रोखे घ्यायलाच बँकांना बंदी झाली, आणि श्रेणी कोणती हे ठरवायचे मान्यताप्राप्त मानांकन पुस्तकांवरून. त्या दिवशी एका खासगी पुस्तकातले मत कायद्याचे कलम झाले. त्यानंतर मत बरोबर आहे की चूक याने फारसा फरक पडेना, कारण चुकीचे असले तरी ते पाळावे लागणार होते.

नियमातले अक्षर आणि नुसते अक्षर यांत किती अंतर आहे हे बघायचे असेल तर २०१० आणि २०११ ही लागोपाठची दोन वर्षे पुरेशी आहेत. २७ एप्रिल २०१० रोजी स्टँडर्ड अँड पुअर्सने ग्रीस सरकारचे मानांकन एकदम तीन पायऱ्या उतरवून डबल बी प्लसवर आणले, म्हणजे बाजाराच्या भाषेत कचरा. ग्रीक बँकांकडे त्यांच्याच सरकारचे रोखे ढिगाने होते आणि ते युरोपीय मध्यवर्ती बँकेकडे गहाण ठेवून त्या रोजचे पैसे उचलत. मध्यवर्ती बँकेचा नियम असा की किमान अमुक मानांकन असलेलेच रोखे तारण म्हणून चालतील. बाकीच्या संस्थांनीही पायरी उतरवली असती तर ग्रीसच्या बँकांना एका दिवसात रोकड मिळेनाशी झाली असती. ३ मे रोजी मध्यवर्ती बँकेने काय केले? ग्रीक सरकारच्या रोख्यांपुरता किमान मानांकनाचा नियमच स्थगित केला. जूनमध्ये मूडीजनेही ग्रीसला कचरा श्रेणीत टाकले, पण तारणाचे दार उघडेच राहिले. अक्षराचा तो दात नियम करणाऱ्यानेच काढून टाकला होता.

पण म्हणून ग्रीस सरकारला स्वस्त कर्ज मिळू लागले का? मुळीच नाही. कारण पहिली वाट शिल्लक होती. ग्रीसने तूट लपवली होती, कर्ज फेडण्याची ऐपत नव्हती, आणि मार्च २०१२ मध्ये खासगी धनकोंना मुद्दलाच्या निम्म्याहून जास्त रकमेवर पाणी सोडावे लागले. नियम स्थगित करून दुसरी वाट बंद करता येते, पहिली नाही. माझ्या म्हणण्याला याहून स्वच्छ पुरावा नको, आणि ज्यांना वाटते की मानांकन संस्थांचे तोंड बंद केले की व्याज उतरेल त्यांनी ग्रीस लक्षात ठेवावा.

दुसरे वर्ष. ५ ऑगस्ट २०११ रोजी स्टँडर्ड अँड पुअर्सने अमेरिकेच्या सरकारचे ट्रिपल ए काढून घेतले. त्याच दिवशी अमेरिकी बँक नियामकांनी संयुक्त निवेदन काढले की सरकारी रोख्यांचा जोखीम भार बदलणार नाही. दहा वर्षांच्या रोख्याचा दर त्या दिवशी अडीच टक्क्यांच्या थोडा वर होता. पुढच्या काही दिवसांत तो सव्वादोनच्या आसपास उतरला. मानांकन घसरले आणि कर्ज स्वस्त झाले! शेअर बाजार कोसळला तसे घाबरलेले लोक धावले ते नेमके मानांकन उतरलेल्या रोख्यांकडेच. अमेरिका स्वतःच्या चलनात कर्ज काढते, तिची गोष्ट वेगळी, हे मला मान्य आहे. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्याला डॉलर छापता येत नाहीत. तरीही एक गोष्ट त्यातून निघते ती अशी, की नवी माहिती नाही आणि नियमाचे दारही बंद होत नाही, अशा वेळी उतरलेले अक्षर म्हणजे नुसते अक्षर.

आता विरोधी बाजूच्या सर्वांत भक्कम मुद्द्याकडे येतो, कारण तो टाळून चालणार नाही. मुद्दा असा: मानांकन उतरवण्याने स्वतःच भाकीत खरे होते. वीस वर्षांची घरकर्जे देणारी कंपनी तीन महिन्यांच्या आणि वर्षाच्या उधारीवर चालत असेल, तर तिची कर्जे कितीही उत्तम असोत, उधारी थांबली की ती मरते. मानांकन उतरले, म्हणून कोणी उधार देईना, म्हणून देणी चुकली, आणि मग संस्था म्हणते, बघा, आम्ही सांगत होतो ना. शिवाय प्रत्येक सावकार दुसऱ्या सावकाराकडे बघत असतो. मला कंपनीवर विश्वास असला तरी बाकीचे पळणार असे वाटले तर मीही पळतो, आणि उतरलेले अक्षर ही सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येणारी शिट्टी आहे. हे सगळे खरे आहे. मी स्वतः असा पळालो आहे, ते शेवटी सांगतो.

पण या खऱ्या मुद्द्यावरून जो निष्कर्ष काढला जातो तो उलटा आहे. निष्कर्ष असा, की संस्थांनी कंपनीला वेळ द्यावा, घाई करू नये, अडचणीच्या काळात अक्षराला हात लावू नये. हे करून बघितले आहे. आयएल अँड एफएस ऑगस्ट २०१८ पर्यंत ट्रिपल ए होती. समूहाच्या डोक्यावर सुमारे ९१ हजार कोटींचे कर्ज, टोल रस्त्यांतून आणि वीज प्रकल्पांतून येणारा पैसा अडकलेला, उपकंपन्यांची रांग तीनशेच्या पुढे. यातले बरेचसे गुपित नव्हते. तरी अक्षर हलले नाही. ऑगस्टमध्ये एक पायरी उतरली आणि सप्टेंबरच्या मध्याला डी. शिखरावरून दरीत यायला साधारण सहा आठवडे. वेळ दिल्याने कंपनी वाचली का? नाही. तिला वेळ मिळाला तो आणखी कर्ज घ्यायला. आणि ज्या म्युच्युअल फंडांनी, ज्या कर्मचारी निधींनी ‘ट्रिपल ए आहे’ म्हणून पैसे घातले होते त्यांना बाहेर पडायला एक दिवसही मिळाला नाही. तीन वर्षांत तीन पायऱ्या उतरल्या असत्या तर प्रत्येक पायरीवर व्याज थोडे थोडे चढले असते, कंपनीला आधीच मालमत्ता विकायची बुद्धी झाली असती. महाग होत जाणारे कर्ज हा त्रास आहेच, पण तो वेळेवर झालेला त्रास आहे.

मग संस्था उशीर का करतात? सोपे उत्तर सगळ्यांना पाठ आहे: ज्याचे मानांकन करायचे तोच फी देतो. परीक्षेची फी देणाऱ्या विद्यार्थ्याला नापास कोण करणार? अमेरिकेत १९७० च्या सुमारास पुस्तक विकत घेणाऱ्यांऐवजी रोखे काढणाऱ्यांकडून पैसे घ्यायची पद्धत सुरू झाली आणि आपण ती तयार उचलली. आयएल अँड एफएस प्रकरणात सेबीने डिसेंबर २०१९ मध्ये तीन संस्थांना दंड केला तो प्रत्येकी २५ लाख, २०२० मध्ये वाढवून प्रत्येकी एक कोटी. ९१ हजार कोटींच्या शेजारी हा आकडा ठेवला की हसावे की रडावे कळत नाही. पण माझ्या मते हे अर्धेच उत्तर आहे. दुसरे अर्धे कोणी सांगत नाही: पायरी उतरवली की कड्यावरून ढकलल्यासारखे होणार, हे संस्थेतल्या विश्लेषकालाही ठाऊक असते. आपल्या एका अक्षराने कंपनीच्या ठेवी बंद होणार, बँका हात आखडणार, फंड विकायला धावणार आणि उद्याच्या वर्तमानपत्रात आपल्या नावाने शिमगा होणार. मग तो आणखी एक तिमाही थांबतो. म्हणजे अक्षराला आपण जितके जास्त वजन दिले तितके ते उचलायला जड झाले आणि तितके उशिरा हलू लागले. प्रवर्तक ज्या क्रूरतेबद्दल ओरडतात आणि गुंतवणूकदार ज्या दिरंगाईबद्दल ओरडतात, त्या दोन्हींचे मूळ एकच आहे, नियमांतला तो जिना.

तो पाडून टाकावा का? अमेरिकेने २०१० च्या कायद्यात सरकारी नियमांतून मानांकनाचे उल्लेख काढून टाकायचे ठरवले. हेतू चांगला, पण त्यातून लगेच प्रश्न उभा राहतो की मग त्या जागी काय लिहायचे? ‘गुंतवणूकदाराने स्वतः अभ्यास करून ठरवावे’ हे मोठ्या बँकेला जमेल. साखर कारखान्याच्या कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचे विश्वस्त, ज्यात एखादे निवृत्त हेडक्लार्क आणि दोन युनियनवाले असतात, ते तीनशे उपकंपन्यांचे ताळेबंद कधी वाचणार? त्यांना एक साधी खूण हवीच, आणि अक्षराहून साधी खूण मला माहीत नाही. म्हणून मी अक्षर काढा म्हणत नाही. मी म्हणतो की अक्षर उतरल्यावर काय करायचे ते बदला. जोखीम भाराच्या पायऱ्या लहान करा, मधल्या प्लस-मायनसच्या श्रेणींनाही वेगळा भार लावा, म्हणजे ५० वरून एकदम १०० होणार नाही. आणि ‘अमुक श्रेणीच्या खाली गेल्यास तत्काळ विकावे’ हे वाक्य जिथे जिथे गुंतवणूक धोरणात आहे तिथे ‘तत्काळ’ शब्दावर काट मारा. नवे घेऊ नका म्हणणे वेगळे आणि असलेले आजच फेका म्हणणे वेगळे. पहिल्याने जोखीम आवरते, दुसऱ्याने सगळे एकाच दारातून बाहेर पडायला धावतात.

यावर कोणी म्हणेल की मुदत दिली तर लोक विकणारच नाहीत, कुजणारा रोखा कवटाळून बसतील. ही भीती पोकळ नाही. डीएचएफएलमध्ये जे वाट बघत बसले त्यांचे हाल झालेच. त्या कंपनीवर पुढे हजारो कोटींच्या अपहाराचे गुन्हे नोंदले गेले, रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले. तिथे व्याज चढले ते योग्यच होते आणि आणखी आधी चढायला हवे होते. पण प्रत्येक उतरलेले अक्षर डीएचएफएल नसते.

आमच्या बँकेच्या गुंतवणूक धोरणात एक ओळ होती: डबल ए श्रेणीच्या खाली गेलेला रोखा पंधरा दिवसांत काढून टाकावा. एका यंत्रे बनवणाऱ्या कंपनीचे रोखे आमच्याकडे होते, दोन वर्षे मुदत उरलेली. मोठ्या ऑर्डरचे पैसे अडकले म्हणून तिचे मानांकन डबल ए मायनसवरून ए प्लसवर आले. एक पायरी. मी कंपनीच्या वित्त प्रमुखांशी बोललो, हिशेब बघितले, समितीला लेखी टिपण दिले की हे पैसे सुरक्षित आहेत, ठेवूया. समितीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्ष म्हणाले, “तुमचं पटतंय हो, पण ऑडिटर आला की तो तुमचं टिपण वाचणार नाही, धोरणातली ओळ वाचेल.” चौदाव्या दिवशी मी ते रोखे साडेब्याण्णवला विकले. त्याच आठवड्यात आणखी दोन बँका तेच विकत होत्या, त्यांच्याही धोरणात तीच ओळ असावी, म्हणून भाव आणखी पडला होता. त्या भावामुळे कंपनीला पुढचे कर्ज जवळजवळ दोन टक्के महाग पडले. दोन वर्षांनी मुदत संपली तेव्हा तिने मुद्दल शेवटच्या पैशापर्यंत फेडले. ते आमच्याकडून साडेब्याण्णवला घेणाऱ्याला मिळाले.